ज्याची भाषा शुद्ध, त्याचा नंबर खरा

हिंजवडीतल्या ज्या कंपनीत मी शेवटची नोकरी केली, तिथं मी नक्की काय काम करायचे हे माझ्या घरच्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. "मोबाइलच्या नकाशावर दुकानांचे पत्ते आणि फोन नंबर असतात ना, ते बदलावेत असं कुणीही सुचवू शकतं. ती सूचना खऱ्या माणसानं केलीय की तोतयानं, हे मी ठरवते," असं मी सांगायचे. त्यावर नवरा विचारायचा, "पण कुणीही कशाला बदलू शकतं?" प्रश्न फार चांगला होता. कंपनीत तो कुणी विचारत नसे, कारण त्याच प्रश्नावर आमचे पगार निघत होते.

त्याआधी बरीच वर्षं मी छापील डिरेक्टरीत होते. पिवळ्या पानांची, उशाला घेता येईल इतकी जाड डिरेक्टरी. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली नवे धंदे निघत होते आणि प्रत्येकाला त्या पुस्तकात आपलं नाव हवं असायचं. मी दुकानोदुकानी जाऊन फॉर्म भरून घ्यायचे. मालकाची सही, दुकानाचा शिक्का, आणि मी काउंटरपाशी उभी असतानाच आमच्या ऑफिसातून त्या नंबरावर फोन यायचा. समोरचा फोन वाजला की नंबर खरा. एकदा छापलं की वर्षभर कुणाच्या बापाला तो नंबर बदलता येत नसे. मग इंटरनेट आलं, पुस्तक बंद पडलं, आणि जग पुढं गेलं असं सगळे म्हणू लागले. मीही त्याच्या मागोमाग बायपासनं कंपनीच्या बसमध्ये बसून रोज दीड तास पुढं जाऊ लागले.

कंपनीत माझ्या मुलांच्या वयाची मुलं होती. ती मला "मॅम" म्हणायची आणि माझ्यामागं "काकू". मला घेतलं होतं ते 'लोकल नॉलेज' साठी. पुण्याच्या सूचना माझ्याकडं यायच्या. स्क्रीनवर डावीकडं जुनी माहिती, उजवीकडं सुचवलेली नवी. खाली सूचना करणाऱ्याच्या खात्याचा इतिहास, फोटो, त्या धंद्याची माहिती देणाऱ्या दुसऱ्या वेबसाइटी, आणि लोकांनी लिहिलेले अभिप्राय. सगळ्यात खाली तीन बटणं: मंजूर, नामंजूर, ठरवता येत नाही. तिसरं बटण फार वेळा दाबलं की आमचा टीम लीड खुर्ची सरकवत यायचा. "मॅम, तुमचे 'कान्ट डिसाइड' थोडे हाय जातायत." मला ते बटण तसंही फारसं लागायचं नाही. बिबवेवाडीत तीस वर्षं काढलेल्या बाईला पुण्यातलं काही ठरवता येत नाही, हे मला स्वतःलाच पटलं नसतं.

शंका आली तर फोन करायची सोय होती. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, की सुचवलेल्या नव्या नंबरावर फोन करून नंबर बरोबर असल्याची खात्री करून घ्यावी. म्हणजे घरात शिरलेल्या माणसालाच विचारायचं, अहो, हे घर आपलंच ना? तो हो म्हणाला की पुढच्या घराकडं वळायचं. मी पहिल्याच आठवड्यात हे बोलून दाखवलं. लीड हसला, "व्हॅलिड पॉइंट मॅम" म्हणाला, आणि पुस्तिका होती तशी राहिली. मग मी माझ्यापुरता नियम केला, की जुन्या आणि नव्या, दोन्ही नंबरांवर फोन करायचा. या शहाणपणाचा मला भारी अभिमान होता. दोघांचं ऐकून निवाडा करणारी मी त्या मजल्यावर एकटीच होते.

एका सोमवारी एका रुग्णसेविका ब्युरोची सूचना समोर आली. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की दिवसपाळी, रातपाळी करायला बायका पुरवतात, तसलं ब्युरो. पत्ता आमच्याच बिबवेवाडीतला, अप्पर म्हणतात त्या वस्तीच्या बाजूचा. सूचना होती, फोन नंबर बदला, आणि नकाशावरची खूण मार्केट यार्डाजवळच्या एका व्यापारी संकुलावर न्या. सूचना करणाऱ्या खात्याला भरपूर तारे होते. शेकड्यांनी फोटो, शेकड्यांनी अभिप्राय. त्यानं ब्युरोच्या 'नव्या ऑफिसचा' फोटोही टाकला होता. काचेचा दरवाजा, पांढरं टेबल, कुंडीत झाड. आणखी दोन-तीन डिरेक्टरी साइटींवर नवाच नंबर होता. जुन्या जागेचा मात्र एकही फोटो नव्हता. पाटी नाही, दुकान नाही, कुठल्याशा सोसायटीतला दुसरा मजला.

मी जुन्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ वाजला. मग मागं कुकरची शिट्टी, कुणीतरी खोकतंय, आणि एक बाई एका दमात बोलली, "कोन बोलून राहिलं? लवकर बोला, मी पेशंटपाशी हाय."

कंपनीनं लिहून दिलेलं वाक्य मी वाचलं. "नमस्कार, आम्ही आपल्या व्यवसायाची नकाशावरील माहिती तपासत आहोत. हा क्रमांक आपलाच आहे का?"

"माहा नाई तं काय तुमचा हाय? सकाळपासून तीन जनाईनं असंच इचारलं. ओटीपी सांगा म्हनते. मी कोनाले काही सांगत नसते!" आणि फोन आपटला.

आता आज, शांत डोक्यानं, हे संभाषण मी लिहून काढतेय तेव्हा मला दिसतं, की त्या बाईनं त्या सकाळी सगळ्यात शहाण्यासारखं वागून दाखवलं होतं. ओळखदेख नसलेल्या कुणी फोन करून चौकशा केल्या तर नेमकं असंच वागावं, अशी पत्रकं आमच्याच कंपनीच्या लिफ्टमध्ये लावलेली होती. पण त्या वेळी मी मनात नोंद केली ती अशी: उद्धट, गोंधळ, धंद्याची शिस्त नाही. आणि त्याच्याही खाली, जिथं मी सहसा बघत नाही तिथं, आणखी एक नोंद झाली: इथली वाटत नाही.

मग नवा नंबर लावला. दुसऱ्या घंटेला उचलला. "नमस्कार, आमच्या संस्थेत आपलं स्वागत आहे. मी आपल्याला काय मदत करू शकतो?" आहाहा. प्रत्येक शब्द धुऊन, वाळवून, इस्त्री केलेला. मी माझं वाक्य वाचलं. तो म्हणाला, "अगदी बरोबर, बाईसाहेब. आम्ही नुकतंच नव्या जागेत आलोय. जुना क्रमांक आमच्याकडं पूर्वी काम करणाऱ्या एका बाईंकडं राहिलाय, त्याचा थोडा त्रास होतोय खरा. आपणच आता काही करू शकलात तर उपकार होतील." वर त्यानं विचारलं, "आपण पुण्याच्याच का? आवाजावरून वाटलं. हल्ली असं स्वच्छ मराठी कानावर पडत नाही हो."

मी खुश झाले. उगाच कशाला खोटं बोलू? खूप खुश झाले. त्या ऑफिसात दिवसभर "मॅम ये रिव्ह्यू कर दो ना" ऐकणाऱ्या माझ्या कानांना त्या माणसानं साजूक तुपाचा हात लावला. मंजूरचं बटण दाबताना मला वाटलं, आज काहीतरी नीटनेटकं काम केलं.

पुढचे तीन आठवडे त्याच ब्युरोबद्दल सूचना येत राहिल्या. एकाच खात्यातून, नंबर परत पहिला करा म्हणून. त्या खात्यानं जन्मात दुसऱ्या कुठल्या जागेबद्दल चकार शब्द काढलेला नव्हता. ना फोटो, ना तारे. आमच्या पुस्तिकेप्रमाणं हे संशयास्पद खात्याचं लक्षण, कारण तोतये नवी खाती काढून एकाच जागेवर तुटून पडतात. खऱ्या मालकिणीचंही खातं तसंच असणार, तिला जगातल्या इतर दुकानांशी काय देणंघेणं, हे पुस्तिकेत नव्हतं. आमच्या डोक्यात असायला हवं होतं. सूचनेबरोबर चार ओळी लिहायची जागा असते. पहिल्या वेळी तिथं लिहिलं होतं, हा नंबर माझा आहे, कृपया दुरुस्त करा. दुसऱ्या वेळी, हे लोक फसवतात, कृपया फोन करून बघा. तिसऱ्या वेळी लिहिलं होतं, माझ्याकडच्या अकरा बायका घरी बसल्या, तुम्ही लोक वाचता तरी का?

वाचत होते ना. तिन्ही वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा नामंजूर केलं. तिला आमच्याकडून दर वेळी तेच ठरीव उत्तर गेलं असणार, की आपल्या योगदानाबद्दल आभार, सध्या आम्ही हा बदल लागू करू शकत नाही. त्या उत्तरावर सही नसते. सही असती तर मी जरा विचार केला असता, असं मला वाटायला आवडतं.

माझे डोळे उघडले ते आमच्या जिन्यात. खालच्या मजल्यावरच्या आजोबांची बायको पक्षाघातानं पडून होती आणि त्यांची नेहमीची सेविका गावी गेली होती. एका रविवारी सकाळी ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते, हातात कागद.

"काय झालं हो काका?"

"काही नाही. माझा मूर्खपणा झाला," ते म्हणाले. "मोबाइलवर ब्युरो शोधलं. फार सभ्य गृहस्थ होते फोनवर. नोंदणी करा म्हणाले, एक लिंक पाठवली, आमच्या मुलानं पैसे भरले. बाई काही आली नाही. चार दिवस हिचं सगळं मीच करतोय. आज त्यांच्या पत्त्यावर जाऊन आलो. मार्केट यार्डाजवळ. तिथं टायरचं दुकान आहे. टायरवाला म्हणाला, काका, आज तुम्ही तिसरे."

त्यांनी कागद पुढं केला. त्यावर ब्युरोचं नाव होतं.

मी काका, काका म्हणत काहीतरी बोलले, वर आले, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. त्या म्हाताऱ्या माणसाला चार दिवस एकट्यानं बायकोची कूस बदलावी लागली होती, आणि त्या बटणावरचं बोट माझं होतं. चहा केला नाही. नवऱ्यानं विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, नाही.

सोमवारी पोचल्या पोचल्या मी त्या नोंदीचा पूर्ण इतिहास उघडला. एवढीच गोष्ट मी तेव्हा करायला हवी होती, आणि त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या ताऱ्यांवाल्या खात्यानं एकाच दिवशी नाशिकच्या हॉटेलचा, इंदूरच्या दवाखान्याचा आणि सुरतेच्या साडीच्या दुकानाचा अभिप्राय लिहिला होता. विमानातून उतरून जेवून, तपासून, साडी घेऊन परत. त्याच खात्यानं त्या महिन्यात आणखी चार धंद्यांचे फोन नंबर बदलले होते: एक गॅस एजन्सी, एक मिठाईवाला, दोन कुरियर. त्यातल्या एका कुरियरला दिलेला नंबर आणि ब्युरोला दिलेला नंबर एकच होता. ब्युरोच्या नोंदीवरही त्यानं एकदम हात घातला नव्हता. आधी नुसती वेळ बदलली, मग काचेच्या दरवाजाचा फोटो टाकला, मग नंबर आणि पत्ता. पाहुण्यानं आधी ओसरीवर बसावं, मग माजघरात यावं, तसं.

आणि त्या दुसऱ्या डिरेक्टरी साइटी, ज्यांचं एकमत बघून मी भारावले होते? त्यांच्यावरच्या तारखा बघितल्या. सगळ्यांवर नवा नंबर आमच्या नकाशावर दिसू लागल्यानंतर आला होता. पण मी मंजूर करण्याआधीच तो तिथं कसा? कारण दीड महिन्यापूर्वी रात्रपाळीच्या कुणीतरी तोच बदल एकदा मंजूर केला होता, दोन दिवसांनी तो उलटवला गेला होता, आणि त्या दोन दिवसांत त्या साइटींनी आमच्याकडून उचलला होता. आम्ही त्यांच्याकडं पुरावा म्हणून बघत होतो आणि ते आमच्याकडं. तीन साक्षीदार, तिघांनाही एकानंच सांगितलेलं. जुने अभिप्राय वाचले तर त्यात लोकांनी लिहिलं होतं, बाई स्वतः येऊन आईला बघून गेल्या, मग माणूस पाठवलं. बदलानंतरच्या अभिप्रायांना एकेक तारा. फोन लागतो, माणूस येत नाही.

मी लीडकडं गेले आणि सांगितलं की चूक माझी आहे, नंबर परत फिरवा. तो म्हणाला, "मॅम, आता दोनदा फ्लिप झालंय, लिस्टिंग लॉक आहे. ओनर व्हेरिफिकेशन लागेल. व्हिडिओ. ते दुसरी टीम बघते, दुसऱ्या शहरात." मग जरा थांबून म्हणाला, "सोडा ना मॅम. होतं असं. एरर रेटमध्ये बसतंय." माझी चूक हिशेबात बसत होती. आजोबा बसत नव्हते, आणि अकरा बायकाही.

त्या संध्याकाळी घरून जुन्या पत्त्यावर जायला मला बारा मिनिटं लागली. चालत. रोज बस पकडायला मी त्याच रस्त्यानं जायचे. दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. पन्नाशीची, ठेंगणी, सुती साडीतली बाई जमिनीवर बसून वही लिहीत होती. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली लोखंडी कपाट. मी नकाशाच्या कंपनीतून आलेय म्हटल्यावर ती वहीवरून वर बघून म्हणाली, "ओटीपी मागाले घरापावतो आले काय आता?"

मी ओळखपत्र दाखवलं. तिनं ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं, फोटो माझ्या तोंडाशी ताडून बघितला, आणि मगच बसायला सतरंजी दिली. माझ्या नोकरीत मी इतकी नीट तपासणी एकदाही केली नव्हती.

मी सांगितलं, दोन्ही नंबरांवर फोन करूनही आमच्या कंपनीकडून चूक झालीय. कंपनीकडून. हा शब्द मी जिन्यातच निवडून ठेवला होता.

मग ती बोलायला लागली ती थांबेना. अमरावतीकडून नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी आलेली, नवरा गेल्यावर स्वतः पेशंट करायला लागलेली, मग एकेक करत बायका जमवलेली. "महिनाभरात तीन पेशंट सुटले माहे. नवीन तं एक नाई. आन् जे फसले ना, ते माह्या नावानं शिव्या देते. परवा एक मानूस दारात येऊन मले चोट्टी म्हनून गेला. माह्याकडच्या पोरीसमोर." तिनं कपाट उघडून दाखवलं. बायकांच्या पांढऱ्या साड्या घड्या करून ठेवलेल्या. "ह्या वापसच आल्या. दोघीजनी धुण्याभांड्याच्या कामाले लागल्या. मी कोन्या तोंडानं थांब म्हनू?"

मी कामाला लागले. निदान तेवढं तरी मला येत होतं. पाटी नसलेल्या, घरातून चालणाऱ्या धंद्याचा पुरावा कसा द्यायचा ते तिला समजावलं. व्हिडिओ न थांबवता एका दमात काढायचा. मुख्य रस्त्यावरून सुरुवात, चौकाची पाटी दिसू द्यायची, मग सोसायटीचं फाटक, जिना, दार. कुलूप आपल्या किल्लीनं उघडायचं, म्हणजे जागा आपल्या ताब्यात आहे हे दिसतं. मग धंद्याची साधनं. तिच्याकडं शॉप ॲक्टचं प्रमाणपत्र होतं, तिच्या नावाचं, त्याच पत्त्याचं. वीजबिल होतं. ड्युटीची वही होती, कोण कुठल्या घरी, किती वाजता. वहीची आतली पानं मात्र दाखवायची नाहीत, पेशंटची नावं असतात, असं मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "थे मलेबी समजते, मॅडम."

शिवाय फसवणुकीबद्दल पोलिसांकडं केलेल्या तक्रारीची पोच तिच्याकडं आधीच होती. सगळं आधीच होतं. फक्त आमच्याकडं ते घ्यायला चार ओळींची जागा होती आणि त्या ओळी वाचायला मी होते.

व्हिडिओ तिनंच काढला. मी जिन्यात बाजूला उभी राहिले, चित्रात यायला नको म्हणून. तिच्याकडच्या राहिलेल्या बायकांना तिनं बोलावून घेतलं होतं. त्या पांढऱ्या साड्या नेसून कपाटापाशी ओळीनं उभ्या राहिल्या, शाळेतल्या वर्गाच्या फोटोला राहतात तशा ताठ. कॅमेरा समोर आल्यावर एकीनं उगाचच नमस्कार केला. मला रडू आलं. का, ते मला माहीत होतं.

नऊ दिवस लागले. त्या दुसऱ्या शहरातल्या टीमनं एकदा 'पाटी दिसत नाही' म्हणून परत पाठवलं, मग मी लीडला घेऊन वरच्या साहेबांकडं जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की घरातून चालणाऱ्या धंद्याला पाटी लागत नाही, असं आपल्याच पुस्तिकेत बाविसाव्या पानावर आहे. साहेबांनी ते पान पहिल्यांदा बघितलं. नंबर परत आला, खूण परत अप्परला आली, ते काचेचं ऑफिस उडालं. त्या ताऱ्यांवाल्या खात्याचे बाकीचे चार बदलही उलटवले. माझ्या मूल्यमापनात साहेबांनी लिहिलं, की बाईंची बारकाईनं बघण्याची वृत्ती वाखाणण्यासारखी आहे. मी तो कागद घरी दाखवला नाही.

नंबर परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी कँटीनमध्ये होते. ती आनंदात होती. सकाळपासून दोन चौकशा आल्या होत्या, आणि मी ज्यांना तिचा नंबर दिला होता त्या आमच्या खालच्या आजोबांकडं तिनं आजपासूनच एक बाई पाठवली होती. नोंदणीचे पैसे न घेता. "त्याईचे पैसे तं माह्याच नावावर गेले ना," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "ताई, एक इचारू काय? तुमच्या हापिसातून दोघालेबी फोन केला होता, असं तुमीच म्हनलं होतं. मलेबी, अन् त्या चोट्ट्यालेबी. मंग त्याचंच कायले खरं वाटलं?"

कंपनीकडून, हा शब्द तोंडाशी आला होता. तो मी गिळला.

"फोन मीच केला होता," मी म्हटलं. "दोन्ही. तो शुद्ध बोलत होता. तुम्ही..." पुढं मला वाक्य सापडेना. "तुम्ही इथल्या वाटला नाहीत. म्हणून मी त्याला खरं धरलं. तुमच्या त्या तीन सूचनाही मीच नामंजूर केल्या."

मला वाटलं, आता ती मला जे बोलेल ते बोलेल, आणि ते मी ऐकून घेईन. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मले वाटलंच होतं," ती हळू बोलली. "बावीस वर्सं झाली ना इथं. घरोघरी फोन करते मी, तं पयले हेच इचारते, तुमी मूळच्या कुठल्या? आडनाव काय? पोरगी जरा बरी बोलनारी पाठवा म्हनते." आणि मग म्हणाली, "पन एक सांगू काय, ताई? तुमच्या मानसाचं हागनंमुतनं काढाच्या वक्ताले कोनीच नाई इचारत, बाई कशी बोलते म्हनून."

माफ करा, असं मी म्हटलं, पण ते तिला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही, कारण त्याच वेळी ती म्हणाली, "ठेवते मी, दुसरा फोन येऊन राहिला," आणि तिनं तो घेतला.